इंजेक्शन चालू असताना आल्याचा चहा: माझे पहिले तीन महिने

टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात माझं पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू झालं. रक्त पातळ करायचं, एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज रात्री एक. काही वर्षांपूर्वी पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असताना माझ्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. काही महिने औषध घेऊन ते प्रकरण मिटलं, पण रक्तविकाराच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं, की दिवस राहिले की वाट न बघता यायचं. गरोदरपणात मुळातच रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो, आणि ज्या बाईला हार्मोनच्या गोळ्यांवर गुठळी झाली तिला ती पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून नऊ महिने इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर आणखी सहा आठवडे. गोळ्या का नाहीत, असं मी विचारलं होतं. रक्त पातळ करायच्या नेहमीच्या गोळ्या नाळेतून बाळापर्यंत पोचतात, त्यातल्या काहींनी पहिल्या तिमाहीत बाळाच्या हाडांवर आणि नाकाच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. हे इंजेक्शन नाळ ओलांडत नाही.

इंजेक्शनची सवय झाली. सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, तिची मात्र झाली नाही. सकाळची म्हणतात, पण माझी दिवसभर असायची आणि संध्याकाळी वाढायची. हिंग-मोहरीची फोडणी बसली की मी बाल्कनीत. कोथरूडहून हिंजवडीला जाताना चांदणी चौकात गाडी अडकली की पिशवी हातात. ओकारी रोज एक-दोनदा, पण खरा छळ मधल्या वेळेचा. घशाशी काहीतरी येऊन थांबलंय आणि ते ना वर जातंय ना खाली.

सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरी आल्याचं पीक, त्यामुळे आल्यावर त्यांचा विश्वास औषधाच्या दुकानापेक्षा जास्त. त्यांनी लगेच काढा करायला घेतला. अंगठ्याएवढे दोन तुकडे ठेचले, वर चहाचा चमचा शीग लावून सुंठपूड, चार मिरी, ज्येष्ठमधाची एक कांडी, आणि एवढं सगळं अर्धं आटेपर्यंत उकळायचं. "अगं, माझ्या दोन्ही वेळेला हेच प्यायले मी. काही होत नाही," त्या म्हणाल्या. मला आल्याचा वास त्या दिवसांत खरोखर बरा वाटायचा. पण घरात इंजेक्शनच्या सुयांचा डबा होता, आणि रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर आलं-लसूण बेताने, असं कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. मी म्हटलं, "आई, दोन दिवस थांबा. परवा डॉक्टरांकडे जायचंच आहे, विचारून येते." जाताना काढ्यात काय काय आणि किती पडणार होतं ते सगळं एका कागदावर लिहून नेलं. तो कागद फार कामाला आला, कारण नुसतं "आल्याचा चहा घेऊ का" असं विचारलं असतं तर "घ्या की" एवढंच उत्तर मिळालं असतं.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी कागद वाचला आणि आधी ज्येष्ठमधावर काट मारली. त्याने रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि गरोदरपणात तो जास्त घेणं बाळासाठीही चांगलं नाही. मग सुंठेपाशी थांबल्या.

"एक शीग चमचा म्हणजे किती ग्रॅम, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. सपाट चहाच्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम सुंठपूड बसते, शीग लावली की तीनच्या आसपास. त्या म्हणाल्या, की मळमळीवर आल्याचे जे अभ्यास झाले, त्यांतल्या बहुतेकांत दिवसाला एक ग्रॅम सुकवलेल्या आल्याची पूड होती, तीही एका वेळी नाही, पाव-पाव ग्रॅम चार वेळा. २००१ मध्ये थायलंडमध्ये झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, त्यातही हेच प्रमाण होतं आणि तो फक्त चार दिवसांचा होता. नंतरचे काही अभ्यास दोन-तीन आठवड्यांपर्यंत गेले. या प्रमाणात मळमळ कमी होते असं बऱ्यापैकी दिसलं, उलट्या थांबतात की नाही याबद्दल मात्र निकाल एकसारखे नाहीत. बाळाला अपाय झाल्याचं या प्रमाणात दिसलेलं नाही. म्हणजे आमच्या काढ्यातली नुसती सुंठच दिवसभराच्या प्रमाणाच्या तिप्पट, आणि ती एका पेल्यात. ठेचलेलं आलं त्याच्यावर.

सुंठ आणि ओलं आलं एकाच मापाने मोजता येत नाही, हेही त्याच वेळी कळलं. ओल्या आल्यात पाचातले चार भाग पाणी असतं, त्यामुळे एक ग्रॅम सुंठ म्हणजे ढोबळ मानाने पाच ग्रॅम ओलं आलं. शिवाय आलं वाळताना त्यातल्या तिखटपणाच्या द्रव्याचं रूप बदलतं आणि ते आणखी झणझणीत होतं. सुंठ घशाला जास्त लागते ती म्हणूनच. "तुम्ही सुंठेच्या वाटेला जाऊ नका. ओलं आलं घ्या, म्हणजे चमचा चुकला तरी फार बिघडत नाही," बाई म्हणाल्या.

माझा खरा प्रश्न इंजेक्शनचा होता. त्यावर त्यांनी रक्तविकाराच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, आणि दोघांचं बोलणं झाल्यावर मला समजावलं. कापलं की रक्त थांबतं ते दोन टप्प्यांत. आधी प्लेटलेट जमा होतात आणि जखमेवर एकमेकींना चिकटतात. मग रक्तातल्या प्रथिनांची साखळी चालू होऊन त्यांच्यावर जाळं बसतं. भिंतीत आधी विटा रचायच्या आणि मग सिमेंट भरायचं, तसं. माझं इंजेक्शन सिमेंटवर काम करतं. आलं विटांवर, म्हणजे प्लेटलेटच्या चिकटण्यावर. तेही फार जोरात नाही. रोजच्या जेवणातल्या किंवा एक-दोन ग्रॅम सुंठेएवढ्या आल्याने माणसांमध्ये प्लेटलेटवर फारसा फरक दिसत नाही. पाच ग्रॅम सुंठेसारख्या मोठ्या प्रमाणात तो दिसल्याचे अभ्यास आहेत. पण इंजेक्शनवर असलेल्या गरोदर बायकांना आलं देऊन कुणी नीट अभ्यास केलेला नाही. त्यामुळे सिमेंट आधीच कमी केलेलं असताना विटाही ढिल्या करायला कुणी जाऊ नये, एवढा साधा विचार.

एक गोष्ट मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. आल्याने काही गडबड झालीच तर ती दाखवणारी तपासणी माझ्याकडे नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची हृदयाची झडप बदललेली आहे, त्या असिनोकुमॅरॉलच्या गोळ्या घेतात आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, करतात. त्यांनी चार दिवस जोरात आलं, लसूण, कसल्या कॅप्सूल घेतल्या आणि आकडा वर गेला, तर रिपोर्टमध्ये तो दिसेल. वॉरफरिन गटाच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांचा आयएनआर आल्याच्या पदार्थांनंतर वाढल्याच्या नोंदी आहेत. उलट निरोगी माणसांना दोन्ही एकत्र देऊन केलेल्या एका प्रयोगात काही फरक दिसला नाही. म्हणून काकूंना त्यांचे डॉक्टर आलं बंद करा असं म्हणत नाहीत. रोज असेल ते तेवढंच ठेवा, अचानक वाढवू नका, आणि वाढवलं तर आठवड्यात तपासणी करा, असं म्हणतात. माझ्या इंजेक्शनचा परिणाम आयएनआरवर उमटत नाही, आणि प्लेटलेट किती आहेत हे रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं, त्या चिकटतात कशा ते कळत नाही. काकूंनी जिन्यात भेटून "तू पण आयएनआर करून घे गं" असं सांगितलं होतं, ते प्रेमाने होतं, पण माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता. माझं प्रमाण आधीच बांधून घेणं आणि अंगावर लक्ष ठेवणं, हीच माझी तपासणी.

ठरलं ते असं. दिवसाला जास्तीत जास्त पाच ग्रॅम ओलं आलं, चार वेळांत विभागून, आणि सुंठ, आल्याच्या कॅप्सूल, अर्क, सिरप यांतलं काहीही नाही. कॅप्सूलमध्ये अर्क किती दाट केलाय ते लेबलवरून नेहमी समजत नाही. भाजी-आमटीतलं आलं मोजायचं नाही. आलेपाक मात्र मोजायचा. हे मला विशेष आवडलं, कारण मळमळली की आलेपाकाची वडी चघळायचा सल्ला ऑफिसातली प्रत्येक बाई देत होती, आणि वडीत आलं किती ते करणाऱ्यालाच ठाऊक. मी वडी घेतली तर त्या दिवशीचा एक कप कमी. आल्याच्या बाटलीबंद सोड्याबद्दलही विचारलं. त्यात बहुतेक वेळा आल्याची चव असते, आलं नावापुरतं. मळमळीला उपयोग नाही आणि साखर भरपूर.

घरी आल्यावर वजनकाट्याची गंमत झाली. आमचा स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. त्यावर पाच ग्रॅम ठेवले की कधी चार दाखवतो, कधी सहा. म्हणून मी मंडईतून आणलेल्या आल्याचा तुकडा नीट धुऊन, सालं खरवडून, वीस ग्रॅम भरेल एवढा कापला आणि त्याचे डोळ्यांनी चार सारखे भाग केले. एक भाग एका दिवसाचा, बाकीचे डबीत घालून फ्रिजमध्ये. त्या एका भागाचा आकार दोन-चार दिवसांत नजरेत बसला. माझ्या करंगळीच्या वरच्या पेरापेक्षा थोडा जाड. सासूबाईंना तो बघून हसू आलं. "एवढ्याशानं काय होणार?" पण किसायला त्यांनीच घेतला.

कृती अगदी सोपी, फक्त उकळायचं नाही. सहाशे मिली पाणी उकळवून गॅस बंद करायचा, किसलेलं आलं टाकायचं आणि लगेच झाकण. दहा मिनिटांनी गाळून थर्मासमध्ये. झाकण यासाठी, की उकळत्या आल्याची वाफ नाकात गेली की मला पुन्हा उमळायचं. जोरात आटवलं तर ते तिखट होतं आणि छातीत जळजळतं. अशा चहात आल्यातलं सगळं काही उतरतही नाही, त्यामुळे पाच ग्रॅमचा चहा म्हणजे पूर्ण एक ग्रॅम सुंठ नव्हे, त्याच्या खालीच. त्यात लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर साखर. दूध आणि चहापत्ती नाही. नेहमीचा आल्याचा चहा प्यायला मनाई नव्हती, पण त्यात कॅफीन असतं, आणि दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहायचं तर ऑफिसची कॉफी धरून हिशोब लवकर भरतो. मी सकाळचा एक कप दुधाचा चहा ठेवला, तोही बिनआल्याचा.

चार घोटांच्या वेळा मी माझ्या त्रासावरून ठरवल्या. पहिला उठल्यावर, पण आधी पलंगावर बसल्या बसल्या चुरमुरे किंवा अर्धा खाकरा खाऊन. रिकाम्या पोटी घेतलेल्या आल्याने माझी ॲसिडिटी वाढायची आणि मग मळमळ कुठली आणि जळजळ कुठली ते कळेना. दुसरा ऑफिसला निघायच्या आधी, तिसरा दुपारी जेवणानंतर तासाभराने, चौथा संध्याकाळी घरी फोडणी बसायच्या सुमारास. गरम पिण्यापेक्षा कोमट, कधी कधी गारच, चमच्याचमच्याने. एकदम कप रिकामा केला तर तोच वर यायचा.

फरक पडला का? पडला, पण जेवढा लोक सांगतात तेवढा नाही. घशाशी अडकून राहणारी ती भावना संध्याकाळी बरीच कमी झाली, चांदणी चौक पिशवीशिवाय पार व्हायला लागला. उलटी मात्र होत राहिली. आठव्या-नवव्या आठवड्यात तर वाढली, कारण तो मळमळीचा सगळ्यात जोराचा काळ असतो. आलं त्याला पुरं पडत नाही हे मला तेव्हाच मान्य करावं लागलं. बाईंनी डॉक्सिलामिन आणि बी-सिक्स एकत्र असलेली गोळी रात्री सुरू केली. तिने झोप येते, म्हणून सकाळी गाडी नवऱ्याने चालवायची असं ठरलं. आणखी आलं घालून पाहू का, असं मी विचारलं होतं. उत्तर स्पष्ट होतं: प्रमाण वाढवून आल्याचा गुण त्याच हिशोबात वाढतो असं दिसत नाही, जळजळ मात्र वाढते, आणि माझ्या बाबतीत रक्ताचा प्रश्न आहेच.

उलट्यांकडे माझ्या बाबतीत जास्त बारकाईने बघायचं कारण वेगळं होतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हणजे जिला गुठळीसाठी इंजेक्शन चालू आहे, तिने "सगळ्यांनाच होतं" म्हणून ओकत घरी पडून राहणं चुकीचं. बाईंनी मला दोन गोष्टी आकड्यांत बांधून दिल्या. माझं वजन टेस्टच्या वेळी ५८ किलो होतं. त्याच्या पाच टक्के म्हणजे जवळपास तीन किलो, तेव्हा काटा ५५ च्या खाली गेला की फोन न करता थेट यायचं. आणि चोवीस तासांत पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद पिवळी किंवा अगदी थोडी होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वजन न बघताच यायचं. माझा काटा ५६.२ वर जाऊन थांबला. एका रविवारी सकाळपासून काहीच टिकेना, तेव्हा जाऊन लघवी तपासली, त्यात कीटोन, म्हणजे पोटात अन्न न राहिल्याची खूण, निघाले आणि सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. त्या दिवशी आल्याचा थर्मास घरीच राहिला. इंजेक्शन उलटीत वाहून जात नाही ही त्यातल्या त्यात सोय. गोळी असती तर किती पोटात राहिली याचा हिशोब लागला नसता.

दहाव्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थोडंसंच, पण बेसिनमध्ये लाल दिसलं की छातीत धस्स होतं. आलं त्याच दिवशी बंद केलं आणि इंजेक्शन मात्र चालू ठेवलं. हा क्रम बाईंनी आधीच सांगून ठेवला होता: शंका आली की आधी आलं सोडायचं, इंजेक्शन स्वतःच्या मनाने कधीच नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटलेटची तपासणी झाली, ती नॉर्मल आली. दाताच्या डॉक्टरांनी बघितलं तर हिरड्या सुजलेल्या होत्या. गरोदरपणात हार्मोनमुळे हे पुष्कळ बायकांना होतं, त्यात सारख्या उलट्या आणि ब्रश नकोसा वाटत असल्याने वरवर घासलेले दात. मऊ ब्रश आणि उलटीनंतर साध्या पाण्याच्या चुळा, एवढ्याने आठवड्याभरात ते कमी झालं. आलं पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली, तेवढंच.

कुठलं रक्त आणि कुठला डाग गंभीर, हे मला त्या भेटीत नीट समजलं. इंजेक्शनच्या जागी पोटावर निळा-जांभळा डाग पडतो, रुपयाएवढा, आठवड्यात पिवळा होऊन जातो. तो चालतो. टोचून झाल्यावर जागा चोळली की तो मोठा होतो, म्हणून चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं. पण जिथे टोचलं नाही तिथे, मांडीवर, दंडावर, काही न लागता डाग उठले तर ते सांगायचं. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून दहा मिनिटं नाक दाबायचं, आणि तरी थांबलं नाही तर दवाखाना. लघवी लाल किंवा शौच डांबरासारखं काळं-चिकट झालं तर लगेच. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होतं, पण ते चिकट आणि घाण वासाचं नसतं. खालून रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच वेळी फोन, मग आलं घेतलेलं असो वा नसो. आणि एकच पाय सुजला, दुखला किंवा अचानक दम लागला तर हा उलट प्रकार, गुठळीचा. त्यात आल्याचा काही संबंध नाही, पण वेळ घालवायचा नाही.

बाराव्या आठवड्यात गणित बदललं. माझं हे पहिलंच बाळंतपण, आणि माझ्या आईला माझ्या वेळी शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढून फिट आली होती. या दोन कारणांवरून बाईंनी कमी मात्रेची ॲस्पिरिन रात्री सुरू केली. आता पुन्हा त्या विटा-सिमेंटचं बघा. ॲस्पिरिन प्लेटलेटवर काम करते, आलंही तिथेच, आणि इंजेक्शन पलीकडून चालूच. एकाच जागेवर दोघं नकोत, त्यात ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराला त्रास देते आणि आलं माझी जळजळ वाढवतं. म्हणून थर्मास बंद करायचा निर्णय झाला. भाजीतलं, चटणीतलं आलं राहिलं. डोकेदुखीला घरातली आयबुप्रोफेन कपाटातून काढून टाकली, आणि हळदीच्या, लसणाच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नाहीत असं नवऱ्याने फ्रिजवर चिकटवून ठेवलं. ज्या बाईला इंजेक्शन नाही आणि फक्त ॲस्पिरिन आहे, तिच्यासाठी हिशोब कदाचित इतका कडक नसेल. तो तिच्या डॉक्टरांनी करायचा.

आलं सोडणं जड गेलं नाही, कारण तोपर्यंत मळमळ उतरणीला लागली होती. चौदाव्या आठवड्यात मी घरात फोडणी देऊ शकत होते. पुढचे महिने सरळ गेले. ॲस्पिरिन शेवटच्या महिन्यात थांबली. प्रसूतीच्या दिवशी कमरेतून भूल द्यायची होती, तेव्हा आदलं इंजेक्शन बारा तासांपूर्वीचं आहे ना, हे भूलतज्ज्ञांनी दोनदा विचारून घेतलं. आलं-सुंठ-कॅप्सूल काही चालू आहे का, हेही त्यांनी विचारलं. मला वाटलं नव्हतं ते विचारतील.

बाळंतपणानंतर सासूबाईंचा दिवस आला. सुंठ, गूळ आणि तुपाची सकाळची गोळी, आणि डिंकाचे लाडू. इंजेक्शन अजून सहा आठवडे होतं. त्यांनी स्वतःहून लाडवाची यादी काढली, यावेळी ग्रॅमसकट: पंचवीस ग्रॅम सुंठेत चाळीस लाडू, म्हणजे एका लाडवात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. बाईंनी बघून सांगितलं, की रोज एक लाडू खुशाल खा, गोळी नको, कारण तिच्यात सुंठ चमच्याने पडते. सासूबाई म्हणाल्या, "सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिनाच की. तोवर लाडू, मग गोळी."